बारा घरांची बडबड आणि एक शब्द

समजा, तुमच्या काकांकडून तुम्हाला एक फाइल येते. फाइलखाली एकच शब्द आहे: ‘समरी’. कसली, कशासाठी, किती मोठी, काहीच नाही. काका बारा घरांच्या सोसायटीत २०२ मध्ये राहतात, सध्या बंगळूरला लेकीकडे आहेत, आणि चार दिवस त्यांनी सोसायटीचा ग्रुप उघडलेला नाही. आता उघडला तर तीनशे मेसेज साचलेले. त्यांनी ‘एक्स्पोर्ट चॅट’ केलं आणि सगळा ढीग तुमच्याकडे ढकलला.

ही सोसायटी मी या लेखापुरती उभी केली आहे, म्हणून माणसांना नावं न देता फ्लॅटचे नंबरच दिलेत. पण फाइलमध्ये जे घडतं ते कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर घडतं. तुम्ही फाइल वाचता, दहा मिनिटांत दहा ओळी लिहून पाठवता आणि विसरून जाता. त्या दहा मिनिटांत तुमच्या डोक्याने केवढं काम उपसलं, हे कधी पाहिलंय का? चला, एकदा सावकाश पाहू.

पहिलं नवल त्या एका शब्दातच आहे. त्यात काहीच सांगितलेलं नाही, तरी प्रश्न कळतो. कसा? उत्तर फाइलमध्येच पडलेलं असतं. काकांचा स्वतःचा शेवटचा मेसेज शोधा. ११ मेच्या संध्याकाळी त्यांनी लिहिलंय, ‘गच्चीचं काय ठरलं?’ त्यानंतर ते गप्प आहेत. म्हणजे त्याआधीचं त्यांना ठाऊक आहे, त्यानंतरचं नाही, आणि त्यांना काय हवंय तेही त्यांनी आधीच विचारून ठेवलंय. ‘समरी’ हा शब्द त्या प्रश्नाचीच पुन्हा वाजवलेली बेल आहे.

आणि फाइल कुणाच्या फोनमधून निघाली हेही तिच्यावरून कळतं. व्हॉट्सॲपच्या एक्स्पोर्टमध्ये माणसांची नावं फोनच्या मालकाने जशी सेव्ह केली तशीच उतरतात. ‘सेक्रेटरी साहेब’, ‘101 वहिनी’, ‘102 नवीन’. हीच चॅट सेक्रेटरींच्या फोनमधून काढली तर नावं वेगळी दिसतील, आणि ज्यांचे नंबर त्यांनी सेव्ह केलेले नाहीत त्यांचे नुसते नंबर दिसतील. यातल्या ‘नवीन’ या एका शब्दाकडे लक्ष ठेवा. १०२ मधले लोक काकांसाठी अजून परके आहेत. पुढे याचा उपयोग होणार आहे.

आता फाइलच्या पोटातल्या नऊ ओळी पाहू. रविवार रात्र, पाच मिनिटांचा ऐवज:

```
12/05/24, 9:04 pm - सेक्रेटरी साहेब: तीन कोटेशन आली. 1.85, 2.10, 2.40
12/05/24, 9:05 pm - 101 वहिनी: Happy birthday 301 🎂🎂
12/05/24, 9:05 pm - 102 नवीन: गळतंय चौथ्या मजल्यावर, पैसे आम्ही का भरायचे?
12/05/24, 9:06 pm - 302: मधला बरा वाटतो
12/05/24, 9:06 pm - 103: <Media omitted>
12/05/24, 9:07 pm - 203: 👍
12/05/24, 9:07 pm - 401: तुम्ही आधी मेंटेनन्स भरा मग बोला
12/05/24, 9:08 pm - 102 नवीन: This message was deleted
12/05/24, 9:09 pm - सेक्रेटरी साहेब: ठीक आहे, फायनल करतो
```

तुम्हाला हे सहज समजलं ना? आता जरा थांबा आणि पहिल्याच ओळीतली तारीख बघा. ही १२ मे आहे की ५ डिसेंबर? फोनच्या सेटिंगप्रमाणे आधी दिवस येतो किंवा आधी महिना, आणि फाइल ते कुठेही सांगत नाही. उकल मात्र सोपी आणि सुंदर आहे. फाइल खाली सरकवत न्या आणि बारापेक्षा मोठा आकडा शोधा. दुसऱ्याच दिवशीचा मेसेज `13/05/24` असा आहे. तेरावा महिना नसतो, म्हणून पहिला आकडा दिवसाचा. तेव्हा ही १२ मे २०२४, रविवार. गच्ची गळण्याच्या गोष्टीत मे आणि डिसेंबर यांत केवढा फरक! एकात पाऊस तोंडावर आहे, दुसऱ्यात सहा महिने हातात आहेत.

त्यातच ‘1.85’ म्हणजे काय ते कुणी लिहिलेलं नाही. लाख. ‘मधला’ म्हणजे तिघांतला मधल्या किमतीचा, दोन लाख दहा हजारवाला. कुणाला विचारावंही लागलं नाही.

पण डोळ्यांना न दिसणारं मोठं नुकसान दुसरंच आहे. फोनवर आपण एखादा मेसेज उजवीकडे सरकवून त्यालाच उत्तर देतो, तेव्हा मूळ मेसेज वर छोट्या चौकटीत दिसतो. या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ती चौकट उरत नाही. मेसेजवर बोट दाबून दिलेला अंगठा किंवा बदामही उरत नाही. कोण कुणाला म्हणालं याचे सगळे दोरे तुटलेले असतात आणि हातात राहते ती फक्त वेळेची रांग. २०३ चा तो अंगठा वेगळा मेसेज म्हणून आला म्हणूनच फाइलमध्ये आहे. पण तो कशाला? मधल्या कोटेशनला? ३०१ च्या वाढदिवसाला? की १०३ ने पाठवलेल्या आणि आपल्याला न दिसणाऱ्या फोटोला?

लग्नाच्या मांडवात एका पंगतीत तीन गप्पा एकमेकींना छेदून चाललेल्या असतात, तसंच हे आहे. फक्त मांडवात आवाज, नजर आणि वळलेली मान मदतीला असते, इथे काहीच नाही. ब्राउन विद्यापीठातल्या मिखा एल्सनर आणि यूजीन चार्नियाक यांनी २००८ साली हेच काम अभ्यासाला घेतलं. लिनक्सविषयी बोलणाऱ्या एका जुन्या धाटणीच्या चॅटरूममधला मजकूर घेऊन त्यांनी माणसांकडून प्रत्येक ओळ कोणत्या गप्पेतली ते ठरवून घेतलं. एका वेळी सरासरी पावणेतीन गप्पा चालू असल्याचं दिसलं. आणि गंमत अशी की ओळी वाटून देणाऱ्या माणसांचंही सगळीकडे एकमत झालं नाही! कुणी एकच लांब गप्पा धरली, तर कुणी तिचे तीन तुकडे पाडले. म्हणजे २०३ च्या अंगठ्यापाशी तुम्ही अडखळलात, तर तो तुमचा दोष नव्हे. अडखळावं अशीच ती जागा आहे.

मग माणूस हे दोरे पुन्हा जोडतो तरी कसे? थोडं विषयावरून, थोडं वेळेवरून, आणि सर्वांत जास्त एका जुन्या सवयीवरून. समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल शेग्लॉफ आणि त्यांचे सहकारी हार्वी सॅक्स यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत लोकांची टेलिफोनवरची ध्वनिमुद्रित बोलणी ओळीओळीने तपासली. त्यांना आढळलं की बोलणं जोड्यांनी चालतं. प्रश्न आला की उत्तराची जागा तयार होते. नमस्कार आला की नमस्काराची, आमंत्रण आलं की होकार-नकाराची. जोडीतला पहिला भाग पडला की दुसऱ्याची वाट पाहणं सुरू होतं, आणि तो आला नाही तर त्याचं न येणंसुद्धा सगळ्यांना जाणवतं.

हे अवजार हातात घेऊन पुन्हा नऊ ओळींकडे या. सेक्रेटरींनी आकडे टाकले. त्याची जोडी ३०२ ने पुरी केली. वाढदिवसाच्या शुभेच्छांची जोडी खाली कुठेतरी ३०१ च्या ‘थँक्यू सगळ्यांना’ने पुरी होते. आणि १०२ चा प्रश्न? ‘पैसे आम्ही का भरायचे?’ त्याच्या उत्तराच्या जागी काय आलं? ‘तुम्ही आधी मेंटेनन्स भरा.’ हे उत्तर नव्हे, टोमणा आहे. त्यानंतर १०२ ने काहीतरी लिहिलं, पुसलं आणि गप्प बसले. पुढच्या सगळ्या ओळी चाळा. प्रश्नाचं उत्तर कुठेच नाही.

मला ही जागा फार विलक्षण वाटते. चॅटमधली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एक न आलेला मेसेज. तो फाइलमध्ये नाही, म्हणून शोधूनही सापडणार नाही. तो दिसतो फक्त त्याची वाट पाहणाऱ्याला.

आता दुसरा रस्ता करून बघू. महत्त्वाचं काय ते मोजून नाही का ठरवता येणार? ही कल्पना जुनी आहे. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये यंत्राकडून शास्त्रीय लेखांचा गोषवारा काढून घेण्याची पद्धत मांडली. तिचा गाभा इतका साधा की थक्क व्हावं: ‘आणि’, ‘पण’ यांसारखे सर्वत्र येणारे शब्द वगळा, उरलेल्यांपैकी जे वारंवार येतात ते महत्त्वाचे माना, आणि असे शब्द ज्या वाक्यांत दाटीने आले ती वाक्यं उचला. शास्त्रीय लेखात हे बऱ्यापैकी चालतं, कारण तिथे लेखक आपल्या मुद्द्याकडे पुन्हा पुन्हा परततो.

काकांच्या फाइलवर हे चालवा बरं! वारंवार काय येतं? `Media omitted`. मग ‘गुड मॉर्निंग’. मग ‘हॅपी बर्थडे’. मग ‘काळजी घ्या’. आकड्यांत सर्वांत जास्त वेळा येतो तो दोन लाख दहा हजार, कारण रविवारी रात्री आणि सोमवारी दिवसभर लोक त्यावरच बोलत होते. आणि मंगळवारी रात्री ११:४० ला सेक्रेटरींनी लिहिलेला हा मेसेज फक्त एकदाच येतो:

```
14/05/24, 11:40 pm - सेक्रेटरी साहेब: 1.95 ला तयार झाला. शुक्रवारपर्यंत अर्धे द्या म्हणतो, शनिवारपासून काम
```

त्याखाली सकाळची फुलं आणि उगवते सूर्य सुरू होतात. कुणी त्यावर अक्षर लिहिलेलं नाही. पण खरी किंमत आता हीच! आधीची सगळी २.१० ची चर्चा या एका ओळीने मोडीत निघाली. गप्पांमध्ये निर्णय जास्त वेळा बोलला जात नाही. बोलली जाते ती तक्रार, शंका आणि घासाघीस. निर्णय झाला की विषय संपतो आणि लोक दुसरीकडे वळतात. म्हणून चॅट वाचताना एखाद्या गोष्टीची पहिली ओळ सापडल्यावर थांबायचं नसतं, तिची शेवटची ओळ सापडेपर्यंत खाली जायचं असतं.

या ओळीतला ‘शुक्रवार’ आणि ‘शनिवार’ही तसाच सोडून चालणार नाही. काका समरी आज वाचतील की रविवारी, कुणास ठाऊक. मेसेज १४ मेचा, मंगळवारचा. म्हणजे शुक्रवार १७ मे आणि शनिवार १८ मे. ‘उद्या’, ‘परवा’, ‘येत्या शनिवारी’ हे शब्द बोलणाऱ्याच्या दिवसाला चिकटलेले असतात. समरीत ते तारखेत बदलूनच घ्यावे लागतात.

आणि ‘अर्धे’ म्हणजे? एक लाख पंच्याण्णव हजारांचे अर्धे, सत्त्याण्णव हजार पाचशे. बारा घरांत सारखी वाटणी धरली तर एकूण रकमेतला प्रत्येकी वाटा सोळा हजार दोनशे पन्नास. पण ‘धरली तर’ हे शब्द गाळू नका. सारखी वाटणी करायची की नाही हाच तर १०२ चा उत्तर न मिळालेला प्रश्न आहे!

इथे सेक्रेटरींचं ‘फायनल करतो’ जरा उलटून पाहायला हवं. ते कशावर उभं आहे? ३०२ ची उघड पसंती, २०३ चा एक संशयास्पद अंगठा, आणि बाकीच्यांचं मौन. कदाचित आणखी चार जणांनी त्या मेसेजवर बोट दाबून अंगठे दिले असतील, पण ते फाइलमध्ये उतरत नाहीत. म्हणून ‘सगळ्यांनी मंजूर केलं’ असं लिहिणं चूक, आणि ‘फक्त एकाने मंजूर केलं’ हेही चूक. लिहिता येतं ते एवढंच: ‘फाइलमध्ये एकाची स्पष्ट पसंती दिसते, उघड विरोध एकाचा, बाकीचे बोललेले दिसत नाहीत.’ ‘ठराव’ हा शब्द तर इथे मुळीच नको. सोसायटीत ठराव सभेत होतो आणि इतिवृत्तात लिहिला जातो. ग्रुपवर होते ती बोलाचाली.

आता येऊ नाजूक भागाकडे. ४०१ चा टोमणा समरीत घ्यायचा का?

पहिला मोह म्हणजे शब्दशः उतरवायचा, कारण तो चटकदार आहे आणि तेच लोक वाचतात. दुसरा मोह अगदी उलटा: वैयक्तिक आहे म्हणून अख्खी खडाजंगी पुसून टाकायची. दोन्हींत काहीतरी हरवतं. टोमण्याच्या पोटात एक दावा आहे, की १०२ ने मेंटेनन्स थकवला आहे. खरा की खोटा हे फाइलवरून कळत नाही, कारण कुणी पावती दाखवली नाही की कुणी नाकारलं नाही. तो समरीत उतरला की ग्रुपवरची रागातली फेक कागदावरची माहिती होऊन बसते. आणि आठवा, काकांच्या फोनमध्ये या घराचं नाव ‘102 नवीन’ असं आहे. त्यांची १०२ शी ओळखच नाही. त्यांच्या मनात त्या घराविषयी पहिली गोष्ट जाईल ती ‘थकबाकीदार’ ही, आणि ती तुमच्या हातून गेलेली असेल.

पण खडाजंगी पुसली तर तिच्याबरोबर १०२ चा प्रश्नही पुसला जातो. टोमण्याचं सामर्थ्य इथेच आहे: तो मुद्द्याला इतका घट्ट बिलगतो की टोमणा काढायला जावं तर मुद्दा सोबत येतो. म्हणून दोघांना हळूच सोडवावं लागतं. ‘गळती वरच्या मजल्यावर असताना खर्च सर्वांनी का द्यायचा, असं १०२ ने विचारलं. त्यावरून थोडी वादावादी झाली, प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही.’ एवढ्यात सगळं आलं. भांडण झालं हे लपवलं नाही, कुणाला उघडंही पाडलं नाही. मेंटेनन्सची बाब काकांनी मुद्दाम विचारली तर सांगता येईल, ‘४०१ तसं म्हणाले’ या शब्दांत, दावा म्हणून.

बरं, आदर्श उपविधींमध्ये गच्चीच्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चात धरली आहे, हे तुम्हाला माहीत असेल. ते समरीत घालावं का? माझं मत, आत घालू नये. ग्रुपवर ते कुणी म्हटलेलं नाही, आणि समरी म्हणजे ग्रुपवर काय झालं याची नोंद आहे. काकांना वेगळ्या ओळीत, ‘माझ्याकडून’ म्हणून खुशाल सांगा.

आणि तो पुसलेला मेसेज? पुसला गेल्याची नोंद फाइलमध्ये आहे, मजकूर नाही. त्यात काय असेल याचा अंदाज बांधायला हात शिवशिवतात. टोमण्यानंतरच्या मिनिटात आलेला, म्हणजे नक्कीच काहीतरी तिखट! पण १०२ ने चुकून चुलतभावाचा फोटो पाठवला असण्याचीही शक्यता तेवढीच आहे. त्यांनी तो मागे घेतला. समरीत त्याला जागा नाही.

राहता राहिली ती सगळी इकडचीतिकडची बडबड. गुड मॉर्निंग, वाढदिवस, ‘काळजी घ्या’. मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी १९२३ साली एका निबंधात अशा बोलण्याकडे लक्ष वेधलं होतं. हवापाणी, खुशाली, येता-जाता केलेली विचारपूस: यातून माहिती जात नाही, पण माणसं एकमेकांना बांधलेली राहतात. कामाच्या बोलण्याइतकंच हेही भाषेचं काम आहे, असं त्यांचं म्हणणं. मग समरी करताना हा सगळा भाग सरळ गाळावा? नव्वद टक्के मेसेजांबाबत मी म्हणेन, हो, बिनधास्त. फक्त गाळण्याआधी वाचायला हवा. कारण आता बघा काय होतं ते.

रविवारी सकाळी गुड मॉर्निंगच्या रांगेत अध्यक्षांनी लिहिलंय, ‘ऑस्ट्रेलियात थंडी सुरू झाली. मुलगा सोडत नाही, जूनमध्येच येतोय.’ त्याखाली पाच हसरे चेहरे. निव्वळ खुशाली. सोमवारी रात्री सव्वाअकराला खजिनदारांनी लिहिलंय, ‘आईला इथे नाशिकला ॲडमिट केलं. निदान आठवडाभर मी इथेच.’ सोबत आजाराचं नाव आणि वॉर्डचा नंबर. त्याखाली नऊ वेळा ‘काळजी घ्या’. याचाही गच्चीशी काही संबंध नाही.

नाही? सोसायटीच्या चेकवर साधारणपणे सेक्रेटरींबरोबर अध्यक्ष किंवा खजिनदार यांच्यापैकी एकाची सही लागते. अध्यक्ष जूनपर्यंत ऑस्ट्रेलियात. खजिनदार साधारण २० मेपर्यंत नाशिकला. कंत्राटदाराला शुक्रवारी, १७ मेला, सत्त्याण्णव हजार पाचशे हवेत. चेकवर दुसरी सही करणार कोण?

तीन मेसेज, तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या गप्पांत. त्यांतले दोन तर मोजणाऱ्या यंत्राने सर्वांत आधी केरात टाकले असते. तिन्ही एकाच डोक्यात शेजारीशेजारी आले तेव्हाच काम अडणार हे दिसलं, आणि तीनशे मेसेजांत ते कुणालाही दिसलेलं नाही! ग्रुपवरचा प्रत्येक जण आपल्यापुरती एकेक गप्पा वाचत होता. सगळ्या एका बैठकीत वाचणारे पहिले तुम्ही.

मात्र इथे फार जपून पाऊल टाकायचं. ही अडचण तुम्ही ताडली आहे, ग्रुपवर कुणी बोललेलं नाही. कदाचित दोघांची मंजुरी ऑनलाइन होत असेल. कदाचित खजिनदार जाताना चेकवर सही ठेवून गेले असतील. म्हणून ती समरीत जाते, पण कपाळावर आपला शिक्का घेऊन: ‘हे कुणी म्हटलेलं नाही, मला वाटलं.’ घडलेलं आणि ताडलेलं एकाच सुरात लिहिलं तर वाचणाऱ्याला ते पुन्हा कधीच वेगळं करता येत नाही.

एक शेवटची ओळ उरली. बुधवारी सकाळी ३०३ ने लिहिलंय, ‘202 कुठे गायब? सगळ्यांचा होकार पाहिजे.’ हा शेरा खुद्द काकांवर आहे. संकोचाने गाळावा? मुळीच नाही. ‘गायब’ या शब्दाची गरज नाही, पण त्यांच्या होकाराची वाट पाहिली जातेय ही त्यांच्यासाठी सगळ्या फाइलमधली एकमेव करायची गोष्ट आहे. ती पहिल्या ओळीत जायला हवी.

तर काकांना जे जाईल ते असं:

‘काका, तुमच्या होकाराची ३०३ वाट पाहत आहेत. गच्चीसाठी तीन कोटेशन आली, मधला कंत्राटदार ठरला असं सेक्रेटरी म्हणतात, तो २.१० वरून १.९५ लाखांवर आला. त्याला निम्मे पैसे शुक्रवार १७ मेपर्यंत हवेत, काम शनिवार १८ मेपासून. ३०२ ची पसंती स्पष्ट आहे, बाकीचे फारसे बोललेले दिसत नाहीत. खर्च सर्वांनी का द्यायचा हा १०२ चा प्रश्न. त्यावर वादावादी झाली, उत्तर मिळालेलं नाही. खजिनदारांच्या आई नाशिकला हॉस्पिटलात आहेत, ते आठवडाभर तिथेच. एक फोन करा. माझी शंका: अध्यक्षही जूनपर्यंत बाहेर आहेत, मग शुक्रवारी चेकवर दुसरी सही कुणाची? फोटो आणि इमोजी-प्रतिक्रिया फाइलमध्ये आलेल्या नाहीत, तेव्हा पसंती मोजताना तेवढं धरून चाला.’

आजाराचं नाव नाही, वॉर्ड नाही. काका ग्रुपमध्येच आहेत, त्यांना ते तिथे वाचता येईलच. पण समरी ही पुढे पाठवण्यासारखीच वस्तू असते, आणि एकदा सुटली की ती कोणत्या ग्रुपवर जाऊन बसेल ते तिच्या लेखकाच्या हातात राहत नाही.

याबद्दल हेलन निसेनबाम या तत्त्वचिंतक विदुषीने २००४ साली एक नेमकी कल्पना मांडली. खाजगी काय आणि उघड काय असे माहितीचे दोनच पेटारे नसतात, असं त्या म्हणतात. प्रत्येक माहिती कुठल्यातरी नात्यात, कुठल्यातरी रिवाजाने दिलेली असते, आणि ती त्या रिवाजाबाहेर वाहिली की माणूस दुखावतो. खजिनदारांनी वॉर्डचा नंबर शेजाऱ्यांना दिला, कुणी भेटायला यावं म्हणून. तो गुपित नव्हता. पण हीच फाइल, हाच ‘समरी’ शब्द, उद्या सेक्रेटरींनी कंत्राटदारासाठी तुमच्याकडे पाठवला तर? त्याला जाईल एवढंच: रक्कम १.९५ लाख, निम्मे १७ तारखेला देण्याबाबत सेक्रेटरी कळवतील, काम १८ पासून. १०२ चा आक्षेप नाही, सह्यांची अडचण नाही, नाशिक नाही. एक अक्षरही खोटं न लिहिता फाइलचा बहुतेक भाग नाहीसा झाला.

आणि समजा, फाइल खुद्द खजिनदारांनी हॉस्पिटलातून पाठवली. त्यांना आईविषयी एक ओळही नको, ते तिथेच आहेत. काकांच्या समरीत तळाशी असलेली सहीची ओळ त्यांच्याकडे पहिली जाईल: ‘शुक्रवारपर्यंत बहुधा तुमची सही लागेल, सेक्रेटरींशी बोलून घ्या.’ दर २.१० चा १.९५ झाला, हेही त्यांना हवं, कारण पैसे त्यांच्या हातून जाणार. आणि नऊ ‘काळजी घ्या’ मधून एक मेसेज आता वर येईल, जो आतापर्यंत आपण कुणालाच सांगितला नव्हता. सोमवारी रात्री ११:३० ला ३०१ ताईंनी विचारलंय, ‘मुलं घरी एकटी असतील ना? उद्यापासून डबा पाठवू का?’ त्या जोडीचाही दुसरा भाग फाइलमध्ये नाही. म्हणून खजिनदारांच्या समरीत तो असा जाईल: ‘३०१ ताईंनी मुलांच्या डब्याचं विचारलंय, त्यांना हो-नाही कळवायचं राहिलंय.’